काउंटरचा नंबर

विमानतळावर सामानाचा पट्टा जिथे वळण घेऊन परत भिंतीत शिरतो, तिथे कोपऱ्यात न आलेल्या सामानाचा काउंटर होता. त्या काउंटरवर अकरा वर्षं बसणाऱ्या कारकुनाला सगळे सहकारी 'उद्या' म्हणायचे. चेष्टा होती, पण खोटी नव्हती. कुणीही रडवेला, चिडलेला, घाम पुसत आलेला माणूस समोर उभा राहिला की हा मान वर करायच्या आधी म्हणायचा, "उद्या येईल." आणि दहातल्या आठांची बॅग खरंच उद्या यायची. त्यामुळे उद्याला वाटायचं, आपण लोकांना धीर देतो. उरलेल्या दोघांचा विचार करत बसलं तर माणसाला नोकरी करता येत नाही, असंही त्याचं मत होतं.

काउंटरवर एक करडा फोन होता. त्याचा नंबर प्रत्येक तक्रारीच्या पावतीवर छापलेला असायचा, 'चौकशीसाठी' म्हणून. पहिल्या वर्षी उद्या तो फोन उचलायचा. मग कळलं की फोनवर शिव्या देणाऱ्याला थांबवता येत नाही, आणि तेवढ्यात समोर रांगेत उभा असलेलाही शिव्या द्यायला लागतो. वरच्या मॅडम म्हणाल्या, समोर माणूस असताना फोन घ्यायचा नाही. पुढे समोर माणूस नसतानाही तो घ्यायचा नाही, हे कुणी न सांगताच ठरलं. आवाज सगळ्यात खाली आणला, वर एक फडकं टाकलं. आता तो वाजला की फक्त फडक्याखाली काहीतरी गुरगुरतं आहे असं वाटायचं. अकरा वर्षांत माणूस घरच्या नळाच्या टपटपीला सरावतो, तसा उद्या त्याला सरावला होता.

सोमवारी दुपारी मावशी आल्या. मावशी म्हणजे त्याच्या कुणी नव्हेत. सत्तरी ओलांडलेली बाई, हातात औषधांची पिशवी आणि बोर्डिंग पासाला चिकटवलेला बॅगेच्या टॅगचा छोटा तुकडा. त्या सगळ्या प्रवाशांच्या शेवटी, अजिबात न रागावता येऊन उभ्या राहिल्या. रागावलेल्यांची उद्याला सवय होती. न रागावलेल्यांपुढे त्याला जरा अवघडल्यासारखं व्हायचं.

निघताना त्यांची बॅग खरं तर त्यांच्या हातातच होती. विमानात चढताना दारातल्या मुलीने सांगितलं, वरचे कप्पे भरले, बॅग खाली जाईल, औषधं आणि कागदपत्रं काढून घ्या. त्यांनी औषधं काढली, ओळखपत्र काढलं, आणि पासाबरोबर घडी करून ठेवलेली पत्त्याची चिठ्ठी त्यांच्याकडे होतीच. बॅग काही विमानात चढली नाही. उद्याने तुकड्यावरचा आकडा संगणकात टाकून पाहिलं, तर ती निघाल्या ठिकाणीच होती.

"सापडली तर आहे," तो म्हणाला. "उद्या येईल."

मावशींचा चेहरा उजळला. मग त्यांनी सांगितलं. न विचारता, पण भराभर, त्याचा वेळ जाऊ नये अशा बेताने. थोरली बहीण इथे राहते, ताई. तिचा एक डोळा कधीच गेला. दुसऱ्यात गाठ निघाली आहे आणि गुरुवारी सकाळी दहाला तो काढणार आहेत. आज तिला दिसतं, मंद का होईना, पण दिसतं. गुरुवारनंतर नाही. बॅगेत एकच मोलाची वस्तू आहे, घरच्या फोटोंचा आल्बम. ताईचे सगळे फोटो एकदा घरात पाणी शिरलं तेव्हा लगदा होऊन गेले. आईचा चेहरा तिने तेव्हापासून पाहिलेला नाही. "गुरुवारच्या आधी तिला एकदा दाखवायचाय. म्हणून मी आले."

उद्याने मान हलवली. वाईट वाटलं त्याला, नाही असं नाही. पण या काउंटरवर येणाऱ्या प्रत्येकाचं काहीतरी उद्याच असतं, आणि ऐकून ऐकून त्याचे कान बधिर झाले होते. त्याने वर्णन विचारायला सुरुवात केली. रंग कोणता? कापडी की कडक? चाकं किती? मूठ बाहेर येते का? काही खूण? मावशींनी नीट आठवून, डोळे मिटून उत्तरं दिली. निळी, कापडी, दोन चाकं, मुठीला पिवळा दोरा. मग आला पत्ता. त्यांनी चिठ्ठी वाचली. घराचा नंबर, गल्ली, "आणि पुढे लिहा भाऊ, समोरच्या इमारतीत नाही, अंगणातून आत, मागची इमारत, दुसरा मजला. नंबर दोन्हींचा एकच आहे."

पत्त्याची पहिली ओळ भरली होती. दुसऱ्या ओळीसाठी पुढचं पान उघडावं लागायचं, आणि ते पान त्या दिवशी गोगलगाईच्या चालीने उघडत होतं. मागे रांग. उद्याने घराचा नंबर आणि गल्ली लिहून पुढचं सोडून दिलं. सामान पोहोचवणारा फोन करून विचारतोच, सगळेच विचारतात.

"फोन?"

मावशींनी नाही म्हणून मान हलवली. त्यांच्याकडे मोबाइल नव्हता. ताईच्या घरी साधा फोन होता, पण त्याचा नंबर डायरीत, आणि डायरी बॅगेत. "बाई बाई," त्या स्वतःवरच हसल्या, "औषधं काढली आणि डायरी ठेवली. वेंधळी ती वेंधळीच. घरी गेले की तिला विचारून तुम्हाला कळवते, चालेल ना?"

चालेल, उद्या म्हणाला. पण नंबराशिवाय तक्रार पुढे जात नव्हती, तो रकाना रिकामा सोडता येत नाही. यावर काउंटरवर एक जुना तोडगा होता. उद्याच्या आधी बसणाऱ्याने तो त्याला शिकवला होता आणि त्याने पुढच्या दोघांना. अडलं की काउंटरचाच नंबर टाकायचा, मागाहून बदलायचा. मागाहून कुणी बदलल्याचं उद्याला आठवत नव्हतं. त्याने स्वतःच्या कोपराजवळच्या करड्या फोनचा नंबर टाकला. तक्रार एकदम पुढे सरकली. पावती छापून निघाली, वर दहा अक्षरांचा तक्रार क्रमांक, खाली चौकशीचा नंबर. मावशींनी ती दोन घड्या घालून औषधांच्या पिशवीत ठेवली आणि जाताना त्याला म्हणाल्या, "तुमच्यामुळे जिवात जीव आला हो."

मंगळवारी सकाळच्या विमानाने बॅग आली. उद्याने ती स्वतः पाहिली, निळी, मुठीला पिवळा दोरा. पोहोचवणाऱ्याकडे सोपवल्याची नोंद केली आणि संध्याकाळी घरी बायकोला सांगितलंही, की एका म्हातारीचं काम आज झालं, आल्बम होता बिचारीचा. बायको म्हणाली, चला, एखादा दिवस तरी तुझ्या तोंडून बरं ऐकलं. तो त्या रात्री छान झोपला.

मंगळवारी दुपारी फडक्याखाली फोन सात-आठ वेळा गुरगुरला होता. बुधवारी तर जरा जास्तच. उद्याच्या शेजारी बसणारी नवी मुलगी एकदा म्हणाली, उचलू का? उद्या म्हणाला, एकदा उचललास तर रोज उचलावा लागेल. तिने हात मागे घेतला.

गुरुवारी सकाळी पावणेनऊला सामान पोहोचवणारा ड्रायव्हर काउंटरवर आला. आडदांड, मिशीवाला, गाडी बाहेर दुसऱ्या गाडीच्या आडवी लावून आलेला. त्याने एक निळी बॅग काउंटरवर आपटली.

"ही घ्या परत. दोनदा गेलो. त्या नंबरच्या घरात अशा नावाचं कुणी राहत नाही. दोन खेपांच्या वर आम्ही जात नाही, तुम्हाला माहीतच आहे."

उद्याने बॅगेकडे पाहिलं. मुठीला पिवळा दोरा होता. 

"फोन करायचा ना," तो म्हणाला. त्याही क्षणी त्याच्या तोंडून हेच निघालं, आणि पुढे कित्येक दिवस त्याला याचीच सगळ्यात जास्त लाज वाटत राहिली.

ड्रायव्हर भडकला. "केला नाही? काल पाचदा केला, परवा पाचदा केला. बाई उचलतच नाही. खोटं वाटतं? थांबा." त्याने खिशातून कागद काढला, कागदावरचा नंबर मोबाइलवर दाबला आणि मोबाइल कानाला लावून उद्याकडे बघत उभा राहिला.

फडक्याखाली फोन गुरगुरला.

क्षणभर ड्रायव्हरला काही कळलं नाही. मग त्याने मोबाइल कानापासून लांब धरला, फडक्याकडे पाहिलं, मोबाइल बंद केला. गुरगुर थांबली. पुन्हा लावला. पुन्हा सुरू. नवी मुलगी हातातलं पेन तसंच धरून बसली होती. ड्रायव्हरने मोबाइल खिशात ठेवला. चिडला असता तर बरं झालं असतं.

उद्याला आठवलं, आज गुरुवार. दहा वाजता. त्याने घड्याळ पाहिलं, नऊला दहा कमी. मॅडमना तो म्हणाला, माझी चूक आहे, मी जातो, आणि त्यांनी काही विचारायच्या आत बॅग उचलून तो चालायला लागला. ड्रायव्हर मागून आला आणि म्हणाला, "बसा गाडीत. तुम्हाला कुठे सापडणार आहे."

गाडी निघाली. उद्या मांडीवर बॅग घेऊन बसला होता. त्याला सारखं वाटत होतं की मावशींनी फोन केला असेल. ताईला नंबर विचारून कळवते, असं त्या म्हणाल्या होत्या, आणि म्हटल्याप्रमाणे करणाऱ्यांतली ती बाई होती. म्हणजे त्या गुरगुरण्यात ड्रायव्हर होता आणि मावशीही होत्या. दोन दिवस दोन्हीकडून माणसं एकमेकांना शोधत होती आणि मधे तो बसला होता, फडकं घालून.

घर सापडायला दोन मिनिटं लागली. समोरच्या इमारतीच्या बोळातून अंगण, अंगणात वाळत घातलेल्या चादरी, पलीकडे मागची इमारत, दुसरा मजला. ड्रायव्हर जिन्यात थांबून एवढंच म्हणाला, "इतकंच लिहायचं होतं." दाराला कुलूप. शेजारच्या बाईने दार उघडून सांगितलं, दोघी सातलाच इस्पितळात गेल्या. तिने इस्पितळाचं नाव सांगितलं आणि वर म्हणाली, धाकटी दोन दिवस खिडकीतून हलली नाही, गाडी येईल म्हणून. पण ती खिडकी अंगणात उघडते, तिथून रस्ता कुठे दिसतो.

इस्पितळ नदीपलीकडे होतं आणि पुलावर गाड्या मुंगीच्या पावलाने सरकत होत्या. पोहोचले तेव्हा दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. डोळ्यांच्या विभागात, बंद दारासमोरच्या बाकावर मावशी एकट्याच बसल्या होत्या, मांडीवर ताईचा चष्मा. त्यांनी बॅग आधी पाहिली, मग त्याला.

"आलात," त्या म्हणाल्या. "अर्ध्या तासापूर्वी नेलं तिला."

 ड्रायव्हरने कागद पुढे केला, मावशींनी ओळखपत्र दाखवून सही केली, नीट, पूर्ण नाव लिहून. ड्रायव्हर जाताना त्यांच्या पाया पडल्यासारखा वाकला आणि निघून गेला. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात. उद्याने तो झोपा आज बांधून दिला होता, सहीशिक्क्यासकट.

मावशींनी बॅग उघडली. आल्बम वरच होता, पण त्यांनी आधी त्याखालची डायरी काढली, पान शोधलं आणि ते त्याच्यासमोर धरलं. "हा घ्या भाऊ, ताईचा नंबर. तुम्हाला कळवायचा राहूनच गेला. खूपदा फोन लावला, पण लागेना. लिहून ठेवा, तुमच्या कागदावर अर्धवट राहायला नको."

त्याने खिसे चाचपले. पेन होतं. कागद नव्हता, म्हणून हातावर लिहिला. 

"लागेना नाही, मावशी," तो म्हणाला. "लागत होता. मी उचलत नव्हतो." मग त्याने सगळं सांगितलं. पत्त्याची सोडलेली ओळ, रकान्यात टाकलेला स्वतःचा नंबर, फडकं. काहीही गाळलं नाही. एरवी करून सवरून नामानिराळं राहायची कला त्याला चांगली अवगत होती. विमान कंपनी, यंत्र, पुलावरची गर्दी, कुणावरही ढकलता आलं असतं. आज त्याच्या जिभेवर यातलं काही आलं नाही.

मावशी बराच वेळ चष्म्याच्या काड्या उघडत मिटत राहिल्या.

"ताई मोजायची," त्या शेवटी म्हणाल्या. "मी रिसिव्हर धरायचे आणि ती कान लावून मोजायची. अठरा वेळा वाजून बंद व्हायचा. मी चिडले तर मलाच म्हणायची, अगं, बिचारे तुझी बॅग शोधायला गेले असतील."

 माफ केलं असं म्हणाल्या नाहीत आणि जा असंही म्हणाल्या नाहीत. मग बाकावर थोडं सरकल्या. तो बसला.

त्यांनी आल्बम उघडला, पण फोटोंकडे पाहीनात. पानं उलटत राहिल्या आणि एका पानावर थांबल्या. बारकी पोरगी सायकलच्या दांडीवर, दुसरी पॅडलवर उभी, मागे शिवणयंत्राशी बसलेली आई, कापड धरून वर बघणारी. "हा दाखवायचा होता," त्या म्हणाल्या. "ती शुद्धीवर आली की मला तिला सगळं सांगावं लागेल, पण मला सांगता येणार नाही. मी इतकी वर्षं बघत आलेय की मला त्यात काय आहे तेच दिसत नाही. तुम्ही मला सोमवारी कसं विचारलंत, रंग, चाकं, मूठ, खूण. तसं विचारा."

उद्याने विचारलं. अकरा वर्षं तो हेच करत आला होता, न दिसणाऱ्या वस्तू लोकांच्या तोंडून काढून घेत. आईच्या हातात काय आहे? बाही. कुणाच्या कपड्याची? ताईच्या फ्रॉकची. यंत्रावर काही ठेवलंय का? वाटी, बटणांची. सायकल कुणाची? शेजाऱ्यांची, न विचारता आणलेली. आई हसतेय की रागावलीये? मावशींनी फोटो जवळ घेतला, लांब धरला. "रागावलीये," त्या आश्चर्याने म्हणाल्या. "मला कायम वाटायचं, हसतेय." आणि मग त्या रडल्या, आवाज न करता, आणि उद्या फरशीकडे बघत बसला. त्यात त्याला करण्यासारखं काही नव्हतं. ते सगळं त्यानेच केलं होतं.

असे चौदा फोटो झाले. पंधराव्याला दार उघडून परिचारिका आली.

"शुद्धीवर आल्या आहेत. एकच विचारतायत सारख्या, बॅग आली का म्हणून."

मावशी उठल्या. आल्बम छातीशी धरला, दोन पावलं टाकली आणि मागे वळल्या. "तुम्ही चला," त्या म्हणाल्या. "तिला तुम्ही सांगा."

आत एका खाटेवर मावशींसारखीच पण जास्त किरकोळ बाई उशांना टेकून पडली होती. कपाळापासून गालापर्यंत पांढरी पट्टी. पावलांच्या आवाजाकडे तिने तोंड वळवलं. उद्याने बॅग खाटेच्या कडेला ठेवली आणि तिचा हात हलकेच मुठीवर नेला. बोटांनी पिवळा दोरा चाचपला, त्याची गाठ ओळखली.

"आली," ताई म्हणाली. तोंडभर हसली. "कोण, विमानवाले का? शोधून काढलीत की नाही शेवटी. कधी मिळाली हो?"

आत्ताच, असं म्हणता आलं असतं. मावशी दाराशी उभ्या होत्या, त्यांनी खोटं पाडलं नसतं. म्हातारीला बरं वाटलं असतं आणि त्यालाही.

"मंगळवारी," उद्या म्हणाला. "मंगळवारी सकाळीच आली होती, मोठ्या मावशी. फोन वाजत होता. मी शेजारीच बसलो होतो."

ताईचं हसू लगेच गेलं नाही. ते कुठे ठेवावं हे न कळल्यासारखं चेहऱ्यावर थोडा वेळ राहिलं. बोटं दोऱ्यावरच होती. मग ती हळूच म्हणाली, "अठरा वेळा वाजायचा."

"हो," उद्या म्हणाला.